चार मिनिटं दोन सेकंदांनी काय म्हणाला?

कॉल सेंटरमध्ये एजंटनं ग्राहकाचा फोन स्वतःहून कापणं हा सहसा मोठा गुन्हा मानला जातो. शिवीगाळ हा त्याला अपवाद, पण तो सिद्ध करावा लागतो. म्हणून शिव्या खाऊन झाल्यावर एजंटला रिपोर्ट लिहायचा असतो. तोही पुढचा कॉल येण्याआधी मिळणाऱ्या थोड्याशा वेळात, हात थरथरत असताना.

घाईत लिहिलं जातं, ‘ग्राहक फार उद्धट बोलला, शिव्या दिल्या, कॉल बंद केला.’ हे एजंटचं मत झालं. रेकॉर्डिंग तपासणाऱ्याला ते कुठून ऐकायचं हेही यातून कळत नाही.

समजा, परताव्याचे पैसे न मिळालेल्या ग्राहकाचा कॉल संध्याकाळी ७:४२ला सुरू झाला. नीट लिहिलेला रिपोर्ट असा दिसेल:

३:१५ – ग्राहक: ‘चोर आहात सगळे.’
४:०२ – ग्राहक: ‘अक्कल नाही तर फोनवर कशाला बसलीस, भिकारडे?’
४:१० – पहिली सूचना दिली.
४:४१ – ग्राहक: ‘ऑफिस माहितीये मला तुझं. सुटल्यावर बघतो.’
४:५० – दुसरी सूचना. टीएलला कळवलं.
५:२० – पुन्हा शिवी, कॉल बंद.

इथं ‘चोर आहात’ हा राग कंपनीवर आहे. पैसे अडकलेला माणूस तेवढं बोलणारच, त्यावर फोन कापला तर एजंट अडकेल. ४:०२चं वाक्य तिच्या अंगावर आलेलं आहे. ४:४१ला तर शिवी एकही नाही, तरी तेच सर्वांत गंभीर, कारण ती धमकी आहे. ‘अपशब्द वापरले’ एवढंच लिहिलं असतं, तर नेमकी तीच ओळ निसटली असती. शिवीच्या जागी फुल्या मारल्या तरी हाच घोटाळा होतो. लिहायला लाज वाटते हे खरं, पण फुल्यांवरून शिवी साधी होती की अश्लील, हे कसं ठरवणार?

वेळेतही एक गोम आहे. ग्राहक आधी रांगेत ताटकळलेला असतो, त्यामुळे त्याचं घड्याळ आणि एजंटच्या स्क्रीनवरचा टायमर जुळत नाहीत. म्हणून घड्याळाची वेळ सुरुवातीला एकदा लिहून पुढचे सगळे आकडे टायमरचे द्यावेत. सूचना आणि फोन कापणं यांत किती वेळ गेला, हे त्यावरूनच दिसतं. सूचना देऊन लगेच कापला असेल, तर ग्राहकाला सुधारायची संधी दिली नाही, असा शेरा बसू शकतो.

धमकी किंवा अश्लील बोलणं असेल, तर प्रकरण कंपनीबाहेरही जाऊ शकतं. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करणाऱ्या शब्दांसाठी भारतीय न्याय संहितेत कलम ७९ आहे, धमकीसाठी ३५१. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदाही बाहेरच्या माणसांपासूनची सुरक्षितता मालकाच्या जबाबदारीत धरतो आणि महिलेला तक्रार करायची असेल, तर मदत करायला सांगतो. मात्र रेकॉर्डिंग ठरावीक मुदतीनंतर पुसलं जातं. त्यामुळे रिपोर्टच्या शेवटी कॉलचा क्रमांक आणि ‘हे रेकॉर्डिंग राखून ठेवावं’ ही लेखी मागणी त्याच दिवशी गेलेली बरी.