खत गेले कुठे? मातीतील सेंद्रिय कर्बाचा हिशेब

इंदूरजवळ आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांची काळी जमीन आहे. पावसाळ्यात सोयाबीन, हिवाळ्यात गहू. सलग ३ वर्षे त्यांनी हेक्टरी १० टन शेणखत घातले आणि माती तपासून घेतली. सेंद्रिय कर्ब आला ०.५० टक्के. खत घालण्यापूर्वीही तो तेवढाच होता. ‘मग खत गेले कुठे?’ हा त्यांचा प्रश्न मुलाने माझ्यापर्यंत आणला. मी साहित्याचा अध्यापक. पण प्रश्न पाठ सोडीना.

एक हेक्टरातील वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन ढोबळमानाने २,००० टन भरते. त्यात अर्धा टक्का कर्ब म्हणजे १० टन. आता खताकडे पाहू. १० टन शेणखतात निम्मे पाणी असते. उरलेल्यातही माती आणि राख बरीच. कर्ब निघतो जेमतेम दीड टन. मातीतले जिवाणू आणि बुरशी यांचे ते अन्न. ते खातात, श्वसन करतात आणि त्यातला बहुतेक कर्ब वायुरूपाने हवेत परततो. वर्ष-दोन वर्षांनी पाचवा हिस्सा मागे राहिला असे धरले, तर ३०० किलो. दरम्यान जुन्या साठ्याचीही झीज चालूच असते. उष्ण प्रदेशातील नांगरटीच्या शेतात ती वर्षाला ३ टक्के धरली, तर तीही ३०० किलोच. आकडे ढोबळ आहेत. मुळांची आणि गळलेल्या पाल्याची थोडी भर मी मोजलेली नाही. तरी एवढे दिसते की खत वाया गेले नव्हते. ते घातले नसते तर शिल्लक घटली असती.

मागे राहणारा कर्ब टिकतो, कारण तो चिकणमातीच्या सूक्ष्म कणांना चिकटतो किंवा मातीच्या रवाळ गोळ्यांच्या पोटात अडकतो. तिथे जिवाणूंना सहज पोहोचता येत नाही, हवाही कमी मिळते. हे गोळे घडवतात बारीक मुळे, बुरशीचे धागे, जिवाणूंचा चिकट स्राव आणि गांडुळे. त्याला कित्येक हंगाम लागतात. नांगर ते एका सकाळी फोडतो. जिवाणूंपासून वर्षानुवर्षे दडलेले अन्न उघडे पडते आणि पुढच्या ओलीबरोबर संपू लागते. भरणे हळू आणि रिकामे होणे झटपट, याचे मूळ इथे आहे.

आता उष्णतेचे. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे १८४३ पासून गव्हाच्या एका पट्ट्यात दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत पडते आहे. तिथला कर्ब बिनखताच्या पट्ट्याच्या अडीच पटीहून अधिक झाला आहे, पण त्याला दीडशेहून अधिक वर्षे लागली. तीही थंड हवेत. तिथल्याच जेंकिन्सन यांनी आयनाबा यांच्यासह १९७७ साली एक तुलना प्रसिद्ध केली. कर्बावर किरणोत्सारी खूण केलेले एकच गवत इंग्लंडच्या आणि नायजेरियाच्या मातीत पुरले होते. कुजण्याची चाल दोन्हीकडे सारखीच निघाली. फक्त नायजेरियात ती सुमारे चौपट वेगाने झाली. उष्ण देशात पीक काही चौपट येत नाही, मग तोल सांभाळायचा कसा?

माळव्यात उन्हाळा कोरडा असतो, ओलीवाचून जिवाणू निपचित पडतात, म्हणून तेवढे महिने कर्ब वाचतो असे वाटेल. ते खरेही आहे. पण बर्च नावाच्या संशोधकाने १९५० च्या दशकात पूर्व आफ्रिकेतील मातीवर दाखवले की वाळलेली माती भिजताच कर्बवायूचा लोंढा सुटतो. पहिल्या सरीच्या मृद्गंधावर आपण कविता पुष्कळ लिहिल्या. त्याच घटकेला शेतातून काय निघून जाते, ते आपल्या नाकाला कळत नाही. मे महिन्यातली खोल नांगरट आणि लगेच आलेला पाऊस म्हणजे या लोंढ्याला दार उघडून देणे.

इंदूरला हा विषय नवा नाही. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी इथेच काडीकचरा, शेण आणि मूत्राने भिजलेली माती थरांनी रचून खत करण्याची ‘इंदूर पद्धत’ बसवली आणि १९३१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. पण खत कितीही उत्तम कुजवले, तरी मातीतली झीज थांबत नाही. ती नांगरट कमी करून आणि जमीन झाकून मंदावते.

त्या गृहस्थांना मी दोन गोष्टी कळवल्या. पहिली, एका वर्षातला बदल तपासणीत दिसत नाही. १०० किलो कर्ब वाढला तरी टक्केवारीत फरक पडतो ०.००५ चा, आणि एकाच शेताच्या दोन कोपऱ्यांत त्याहून कितीतरी मोठा फरक असतो. म्हणून नमुने ठरलेल्या जागांवरून, ठरलेल्या खोलीवरून, खत घालण्यापूर्वी आणि त्याच महिन्यात घ्यावेत. तुलना पाच वर्षांनी करावी. दुसरी, गव्हाचे धसकट, ज्याला इकडे नरवाई म्हणतात, ते जाळू नये. निरोप आला की धसकट ते जाळत नाहीतच, पण मे महिन्यातली नांगरट सोडायला घरातले मोठे तयार नाहीत. तूर्त अर्ध्या शेतात ती बंद केली आहे, अर्ध्यात चालू.