लिहायचं आहे, पण नाव कळू द्यायचं नाही

बचत गटाच्या बैठका संपल्यावर कुणीतरी हळूच बाजूला घेऊन विचारतं, "ताई, मी थोडं लिहिलंय. छापायला पाठवू का? पण माझं नाव कुणाला कळायला नको." सासरच्यांना नको, शाळेतल्या किंवा अंगणवाडीतल्या सोबतिणींना नको. अशा वेळी टोपणनाव कसं घ्यायचं, आणि ते टिकवायचं कसं, ते आज बोलूया.

ही युक्ती आपल्याकडे जुनीच आहे. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला. शिकलेल्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं त्यात उघडपणे लिहिलं होतं. लेखिकेचं नाव होतं विभावरी शिरूरकर. पुस्तकावर मोठी खळबळ उडाली आणि ही बाई कोण, याची चर्चा सुरू झाली. या नावामागे बाळूताई खरे होत्या, पुढे मालतीबाई बेडेकर म्हणून ओळखल्या गेलेल्या. खऱ्या नावानं ते लिहिणं त्या काळात त्यांना किती जड गेलं असतं, याचा अंदाज आपल्याला येतो.

आता आपल्यातलीच एक ताई डोळ्यांसमोर आणा. समजा तिचं नाव मंगल. ती अंगणवाडीत काम करते आणि सुनेच्या घुसमटीवर लिहिते. तिच्या मनात पहिलं नाव येतं 'चिमी', कारण माहेरी तिला तसंच म्हणायचे. दुसरं येतं 'ओमची आई'. तिसरं, माहेरच्या गावाला 'कर' लावून केलेलं आडनाव. तिन्ही नावं गोड आहेत आणि तिन्ही चालणार नाहीत. 'चिमी' वाचून भावजय ओळखेल, 'ओमची आई' वाचून शेजारीण, आणि गावाचं नाव वाचून सगळी भावकी. म्हणून पहिली चाळणी अशी: हे नाव वाचून माझी आठवण येईल असं एक तरी माणूस आहे का? असेल तर नाव सोडा. नावाची आद्याक्षरंही आपली ठेवू नका.

मग मंगलला वाटतं, 'शब्दसखी' घ्यावं. पण असं नाव वाचलं की लगेच कळतं, हे खोटं आहे. मग लोक शोधायला लागतात. शिवाय अशी नावं बऱ्याच जणी घेतात, त्यामुळे तुमचं लिखाण दुसरीच्या नावावर जमा होऊ शकतं. साधं, रोजच्या व्यवहारातलं वाटणारं नाव बरं. त्याकडे कुणी वळून बघत नाही.

पण साध्या नावातही एक धोका आहे. 'सुनीता पाटील' घेतलं, तर त्या नावाची बाई पंचक्रोशीत नक्की सापडेल. तुम्ही सासूबद्दल लिहाल आणि जाब त्या बिचारीला द्यावा लागेल. म्हणून दुसरी चाळणी: आपल्या गटांत, शेजारच्या गावांत आणि छापून येणाऱ्या लेखिकांत या नावाची कुणी आहे का, ते बघा. आडनाव घेतलं की आणखी एक गोष्ट होते. वाचणारा त्यावरून जात आणि भाग ठरवतो. ते नको असेल तर आडनावच टाळा. मंगलने अखेर 'वासंती नारायण' घेतलं असं समजा. बाईचं नाव आणि पुढे पुरुषाचं नाव, असं पुष्कळ जणी लिहितात. त्यातून गाव कळत नाही, जात कळत नाही. फक्त नारायण हे आपल्या वडिलांचं, नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं नाव नसावं. नाव एकदा ठरलं की प्रत्येक वेळी अगदी तसंच लिहायचं.

आता पाठवताना काय करायचं? संपादकांपासून नाव लपवू नका. लेखाची जबाबदारी त्यांच्यावरही असते, त्यामुळे लेख कोणाचा हे त्यांना माहीत असावं लागतं. लेखाच्या खाली फक्त टोपणनाव लिहा. सोबत वेगळ्या कागदावर पत्र द्या: "हा लेख माझा आहे. तो वासंती नारायण या नावाने छापावा. माझं खरं नाव, गाव आणि फोन नंबर छापू नये, कुणाला देऊ नये." त्याखाली खरं नाव आणि सही. ते मान्य असल्याचं उत्तर आल्यावरच लेख छापायला होकार द्या.

खरी गोची पुढे होते. मानधनाचा चेक टोपणनावाने आला तर बँकेत जमा होत नाही, म्हणून खात्यावरचं नाव आधीच कळवा. पैसे जमा झाल्याचा मेसेज कोणत्या फोनवर येतो, तेही बघा. पुष्कळ जणींच्या खात्याला नवऱ्याचा किंवा मुलाचा नंबर जोडलेला असतो. अंक पोस्टाने येतो, आणि पाकिटावर 'वासंती नारायण' असेल तर पोस्टमन अख्ख्या गावाला विचारत फिरेल. पाकिटावर खरं नाव घालायला सांगा, किंवा अंक विश्वासातल्या मैत्रिणीच्या पत्त्यावर मागवा. मुलाच्या फोनवरून लेख पाठवला असेल, तर तो त्या फोनमध्ये राहतो, हे विसरू नका. आणि रेडिओवर वाचायचं असेल, तर ते दुसरीला वाचू द्या. गावात आवाज नावाआधी ओळखला जातो.

एवढं करूनही बहुतेक वेळा ओळख पटते ती लेखातल्या तपशिलामुळे. 'नवरा एसटीत, दोन मुली, घरामागे चिंच' असं लिहिलं की नाव काहीही असो, गाव म्हणेल, ही आपली मंगल. नुसती नावं बदलून भागत नाही. एसटीच्या जागी दुधाची डेअरी करा, दोन मुलींच्या जागी एक मुलगा. भांडण परवा झालं असेल तर आज लिहू नका, काही महिने जाऊ द्या. तुमच्या तोंडात सारखा असणारा एखादा शब्द असेल तर तोही काढा. मग लेख एका विश्वासू मैत्रिणीला नाव न सांगता वाचायला द्या. तिने तुम्हाला ओळखलं, तर अजून काम बाकी आहे.

टोपणनाव कशासाठी पुरत नाही, तेही सांगते. खऱ्या माणसावर खोटा आरोप केला, तर बदनामीच्या कायद्यातून टोपणनाव वाचवत नाही. नोकरीत लिखाणाबद्दल काही नियम असतील, तर तेही टोपणनावाने टळत नाहीत. आणि ओळख पटली तर घरी मार बसेल अशी भीती असेल, तर या पडद्यावर भिस्त ठेवू नका. तो लेख सध्या स्वतःजवळच राहू द्या, आणि तोही घराबाहेर, सुरक्षित जागी.

लिखाण मात्र तुमचंच राहतं. टोपणनावाने छापलेल्या लिखाणालाही कायद्याने लेखनहक्क मिळतो, प्रकाशनानंतर ६० वर्षं. त्या मुदतीत खरं नाव जाहीर झालं, तर लेखिकेच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणून कच्ची वही, संपादकांचं उत्तर आणि छापलेला अंक एका पिशवीत बांधून जपून ठेवा. उद्या वासंती नारायण म्हणजे मीच, असं सांगावंसं वाटलं, तर पुरावा हाताशी असेल. ते सांगायचं की नाही, आणि कधी, हे तुम्हीच ठरवा.