‘माल घेणारा भेटला नाही’ : कुरिअरच्या एका सूचनेचे मराठी

दुपारी १ ते ४ दुकान बंद ठेवण्याची रीत पुण्याच्या पेठांतील अनेक लहान दुकानदारांनी अद्याप सोडलेली नाही. कुरिअर कंपनीचा वाटप करणारा माणूस मात्र दिवसभर फिरत असतो. तो नेमका या वेळात आला, तर माल परत जातो आणि दुकानदाराच्या मोबाईलवर इंग्रजी सूचना येते. शुक्रवार पेठेतील शिलाई यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानदाराने लुधियानाहून माल मागविला होता. त्याला आलेली सूचना अशी होती :

```
Delivery attempted. Reason: Consignee not available.
Reschedule now. Shipment will be RTO after 3 attempts.
```

शेजारच्या एका गृहस्थांनी तिचे भाषांतर करून दिले : ‘वितरणाचा प्रयत्न करण्यात आला. प्रेषिती उपलब्ध नाही. पुनर्निर्धारण करावे. तीन प्रयत्नांनंतर माल आर.टी.ओ. होईल.’ शब्दकोशाच्या दृष्टीने यात फारशी चूक काढता येणार नाही. दुकानदाराने मात्र त्यातून एकच अर्थ घेतला. आपला माल परिवहन कार्यालयाने अडविला असून तेथून कागद येईल, असे समजून तो स्वस्थ बसला. महाराष्ट्रात आर.टी.ओ. म्हणजे वाहनांचे कार्यालय हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्यामुळे दोष त्याचा नव्हता. कुरिअरच्या व्यवहारात ही तीन अक्षरे ‘माल पाठविणाऱ्याकडे परत’ या अर्थाने वापरली जातात. दरम्यान दुसरी खेपही दुपारी २ वाजता येऊन फुकट गेली.

‘अटेम्प्ट’साठी मराठीत ‘खेप’ हा शब्द तयार आहे. ‘तीन खेपा’ म्हटले की पहिली खेप झाली, आता दोनच उरल्या, हा हिशेब आपोआप कळतो. ‘प्रयत्न’ या शब्दाने तो कळत नाही. त्याचप्रमाणे ‘प्रेषिती’ऐवजी ‘माल घेणारा’ आणि ‘पुनर्निर्धारण’ऐवजी ‘दुसरा दिवस ठरवून देणे’ असे लिहावे.

सर्वांत जपून हाताळण्याचा भाग कारणाचा आहे. वाटप करणारा माणूस कारण स्वतः लिहीत नाही. आपल्या यंत्रावरील ठरावीक यादीतून एक निवडतो. दुकान बंद होते, फोन उचलला नाही, गल्ली सापडली नाही, किंवा वेळेअभावी तो आलाच नाही, या सर्व प्रसंगी एकच कारण नोंदले जाऊ शकते. म्हणून ‘तुम्ही दुकानात नव्हता’ असे भाषांतर करणे चुकीचे ठरते. ‘माल घेणारा भेटला नाही, अशी नोंद कंपनीने केली आहे’ असे लिहिले म्हणजे ती नोंद आहे, निर्णय नव्हे, हे स्पष्ट होते. दुकान त्या वेळी उघडे असेल, तर दुकानदाराला नोंदीची वेळ विचारून तक्रार करता येते.

या दुकानदारासाठी एका शिक्षकाने नंतर लिहून दिलेला मजकूर असा होता : ‘तुमचा माल घेऊन आमचा माणूस आला होता, माल घेणारा भेटला नाही, अशी नोंद आहे. दुसरा दिवस ठरवून द्या. तीन खेपांत माल घेतला गेला नाही, तर तो पाठविणाऱ्याकडे परत जाईल.’

पुढील कृतीही त्यांनी त्याच भाषेत सांगितली. संदेशातील दुव्यावर बोट न ठेवता कंपनीचे संकेतस्थळ स्वतः उघडावे आणि पावतीवरील पार्सल क्रमांक तेथे भरावा. या निमित्ताने खोटे संदेश पाठवून पाच-दहा रुपये ‘फेरवाटप शुल्क’ मागणारे आणि त्या मिषाने बँक खात्याची माहिती काढणारे लोक आहेत. पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर त्वरित कळवावे. संकेतस्थळावर क्रमांक जुळला, की दिवस निवडावा. बहुधा दिवसच निवडता येतो, तास नव्हे. म्हणून सूचनेच्या रकान्यात ‘दुकान दुपारी १ ते ४ बंद, ४ नंतर यावे’ असे लिहावे, जवळची खूण द्यावी आणि दुसऱ्या माणसाचा फोन क्रमांक जोडावा. पेठेतील जुना घर क्रमांक बाहेरून आलेल्या माणसाला उपयोगी पडत नाही. मारुतीचे देऊळ किंवा शाळेचे फाटक पडते. पत्ता व पिनकोड मात्र येथे सहसा बदलता येत नाही. तो बदलायचा असेल, किंवा दिवस निवडण्याची सोयच दिसत नसेल, तर पाठविणाऱ्या व्यापाऱ्याला फोन करावा. कुरिअरचा करार त्याच्याशी असतो आणि त्याने दिलेली सूचना कंपनी मानते. हे सारे आदल्या संध्याकाळीच करावे. सकाळी गाड्या भरल्या गेल्यावर ती सूचना त्या दिवसाच्या फेरीला पोहोचेलच असे नाही.

दुकानदाराने लुधियानाला फोन केला आणि संकेतस्थळावरही नोंद केली. तिसरी खेप सायंकाळी ५ नंतर आली. वाटप करणाऱ्याने मोबाईलवर आलेला संकेतांक विचारला, तेव्हा आधी पार्सलवरील क्रमांक पावतीशी ताडून पाहण्यात आला आणि मगच तो सांगण्यात आला.