चौकोनी तरंगाची फोड

२१ डिसेंबर १८०७ रोजी पॅरिसच्या विज्ञानसंस्थेपुढे जोसेफ फूरिए यांचा एक दीर्घ निबंध मांडला गेला. विषय होता, घन पदार्थातून उष्णता कशी पसरते. पण परीक्षकांना, विशेषतः वयोवृद्ध गणिती लाग्रांज यांना, उष्णतेपेक्षा त्यातली एक गणिती रीत जास्त खटकली. कोपरे असलेली, मध्येच एकदम तुटणारी रेषासुद्धा साईन आणि कोसाईनच्या गुळगुळीत तरंगांची बेरीज म्हणून लिहिता येते, असं फूरिए यांचं म्हणणं होतं. एकाही तरंगाला कोपरा नाही, मग त्यांच्या बेरजेला कोपरा येणार कुठून? शंका अगदी रास्त होती. निबंध तेव्हा छापला गेला नाही. फूरिए यांचा उष्णतेवरचा ग्रंथ बाहेर पडायला १८२२ साल उजाडलं.

फूरिए यांच्या त्या कामात जे उदाहरण ठळकपणे येतं, ते आज महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत येऊन गेलेलं आहे. भारनियमनाच्या काळात घेतलेल्या स्वस्त इन्व्हर्टरमधून जी वीज निघते, ती बहुधा चौकोनी तरंगाची असते. आतले स्विच बॅटरीची बाजू आलटून पालटून बदलतात, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरनंतर दाब एका बाजूला १० मिलिसेकंद ठाम राहतो आणि मग एकदम उलटून दुसऱ्या बाजूला तेवढाच वेळ ठाम राहतो. पंखा चालतो, पण गुणगुणतो आणि थोडा मंद वाटतो. वीजमंडळाच्या विजेवर तोच पंखा गुपचूप फिरत असतो. हा फरक किती आणि कशामुळे, हे त्या चौकोनी तरंगाची फोड केली की आकड्यांत सांगता येतं.

आकडे सोपे राहावेत म्हणून तरंगाची उंची १ धरू. पूर्ण फेरी ३६० अंशांची. पहिले १८० अंश तरंग +१ वर, पुढचे १८० अंश −१ वर. आता धरून चालू की हा तरंग म्हणजे एकपट, दुप्पट, तिप्पट, चौपट अशा वारंवारतेच्या साईनांची बेरीज आहे. प्रत्येक साईन किती प्रमाणात घ्यायची, तो आकडा म्हणजे तिचा सहगुणक. कोसाईन का नकोत? शून्याच्या अलीकडे आणि पलीकडे कोसाईन सारखीच दिसते, आपला तरंग मात्र नेमका उलटा होतो. त्यामुळे कोसाईनला इथे वाटा मिळत नाही.

अडचण अशी की अज्ञात सहगुणक अनंत आहेत आणि ते सगळे एकमेकांत मिसळलेले आहेत. फूरिए यांनी आधी खरोखरच अनंत समीकरणं मांडून, एकेक अज्ञात काढून टाकत उत्तर गाठलं होतं. ती वाट वाचतानाही दम लागतो. नंतर त्यांनी जी सोपी रीत वापरली, तिला मी चाळणी म्हणेन, कारण ती एका वेळी एकच साईन हाती ठेवते आणि बाकी सगळ्या खाली सोडते.

चाळणी अशी चालते. दोन वेगळ्या वारंवारतेच्या साईन घ्या, उदाहरणार्थ एकपट आणि तिप्पट, आणि त्यांचा बिंदू-बिंदूला गुणाकार करा. शाळेतल्या त्रिकोणमितीच्या सूत्राप्रमाणे हा गुणाकार म्हणजे दुप्पट वारंवारतेची कोसाईन वजा चौपट वारंवारतेची कोसाईन, आणि त्या वजाबाकीचं निम्मं. या दोन्ही कोसाईन एका फेरीत पूर्ण तरंग संपवतात. अक्षाच्या वर जेवढं क्षेत्रफळ, तेवढंच खाली. वरचं अधिक आणि खालचं उणे धरलं की बेरीज शून्य. वारंवारता वेगळी असली की हे नेहमीच घडतं. पण साईनला तिनंच गुणलं तर तो वर्ग कधीच उणे होत नाही. साईनचा वर्ग आणि कोसाईनचा वर्ग मिळून १ होतात आणि पूर्ण फेरीत दोघांची सरासरी सारखी असते, म्हणून प्रत्येकाची सरासरी निम्मी. फेरीची लांबी २π असल्यामुळे क्षेत्रफळ π येतं.

म्हणजे तिसरा सहगुणक हवा असेल तर चौकोनी तरंगाला तिप्पट वारंवारतेच्या साईनने गुणायचं, पूर्ण फेरीचं क्षेत्रफळ काढायचं आणि π ने भागायचं. बेरजेतल्या बाकीच्या अनंत साईन या कृतीत आपोआप शून्य होतात.

आता प्रत्यक्ष करून पाहू. सुरुवात एकपटीपासून. पहिल्या अर्ध्या फेरीत तरंग +१ आहे, म्हणून गुणाकार म्हणजे साईनचा उंचवटाच. या एका उंचवट्याचं क्षेत्रफळ बरोबर २ असतं. दुसऱ्या अर्ध्यात साईन खाली आहे, पण तरंगही −१ आहे. उणे गुणिले उणे, म्हणून तिथेही २ मिळतात. एकूण ४. भागिले π, म्हणजे पहिला सहगुणक १.२७३.

दुप्पट वारंवारतेची साईन पहिल्या अर्ध्या फेरीतच एक उंचवटा आणि एक खळगा पुरा करते. दोघं एकमेकांना खोडतात. दुसऱ्या अर्ध्यातही तेच. सहगुणक शून्य. चौपट, सहापट, कोणतीही सम पट घ्या, उंचवटे आणि खळगे सारखेच भरतात, त्यामुळे सगळ्या सम पटी बाद.

तिप्पट साईन पहिल्या अर्ध्यात उंचवटा, खळगा, उंचवटा अशी जाते. दोन खोडले जातात, एक उंचवटा उरतो. त्याची उंची तीच, पण रुंदी एक तृतीयांश, म्हणून क्षेत्रफळ दोन तृतीयांश. दोन्ही अर्ध्या मिळून चार तृतीयांश, आणि π ने भागल्यावर ०.४२४, म्हणजे पहिल्या सहगुणकाचा बरोबर तिसरा हिस्सा. पाचपटीत याच हिशेबाने पाचवा हिस्सा, ०.२५५. साखळी अशी उभी राहते:

f(x) = (4/π) [ sin x + (1/3) sin 3x + (1/5) sin 5x + (1/7) sin 7x + … ]

उत्तर बरोबर आहे ना, हे तपासायला अर्ध्या फेरीचा मध्य घ्यावा. ९० अंशांवर या साईन आळीपाळीने +१ आणि −१ होतात. बेरीज करत गेलं तर १.२७३, मग ०.८४९, मग १.१०३, ०.९२२, १.०६३ असे आकडे येतात. एकदा वर, एकदा खाली, पण दर वेळी १ च्या थोडे जवळ. बेरीज खरोखर १ होते याचा अर्थ १ − १/३ + १/५ − १/७ ही न संपणारी मालिका π च्या चौथ्या भागाइतकी आहे. ही मालिका केरळातल्या माधवांच्या परंपरेला फूरिए यांच्या कितीतरी आधी ठाऊक होती. तिथे ती वर्तुळाच्या परिघाचा विचार करताना आली, इथे चौकोनी तरंग मोजताना तीच समोर उभी राहते. मला या गणितातली ही सर्वांत सुंदर जागा वाटते.

कडेशी मात्र गोष्ट इतकी सरळ नाही. उडीच्या लगेच पुढे बेरीज १ ओलांडून वर जाते. एक साईन घेतली तर शिखर १.२७३, दोन घेतल्या तर १.२००, तीन घेतल्या तर १.१८८. पाहणाऱ्याला वाटतं, हे असंच उतरत १ वर येईल. ते येत नाही. १.१७९ च्या आसपास ते थांबतं. साईन वाढवत नेल्या की शिखर बुटकं होण्याऐवजी कडेकडे सरकत जातं. १८९८ मध्ये मायकेल्सन आणि स्ट्रॅटन यांनी ८० साईनांची बेरीज करणारं यंत्र प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी मायकेल्सन यांनी अशा मालिकांच्या वागण्याबद्दल ‘नेचर’मध्ये प्रश्न विचारला आणि पुढच्या वर्षी गिब्ज यांनी तिथेच या शिखराचा खुलासा केला. विल्ब्रहॅम यांनी १८४८ मध्येच हे लिहून ठेवलं होतं, पण नाव गिब्ज यांचं पडलं. लाग्रांज यांच्या शंकेचं उत्तरही इथेच आहे. मोजक्या साईनांच्या बेरजेला कोपरा कधीच येत नाही. कडेपासून दूर कोणताही एक बिंदू पक्का धरला, तर साईन वाढवता वाढवता तिथली बेरीज १ वर येते. आणि नेमकं उडीच्या जागी प्रत्येक साईन शून्य असल्यामुळे बेरीजही शून्य राहते, +१ आणि −१ यांच्या बरोबर मध्ये.

आता तो पंखा. इन्व्हर्टरचा चौकोनी दाब २३० व्होल्ट धरला, तर मूळ ५० हर्ट्झच्या साईनचं शिखर १.२७३ पट, म्हणजे सुमारे २९३ व्होल्ट येतं. वीजमंडळाच्या २३० व्होल्टच्या साईनचं शिखर सुमारे ३२५ असतं. म्हणजे मीटरच्या भाषेत पंख्याला कामाचे २०७ व्होल्टच मिळतात. उरलेल्यात १५० हर्ट्झचे ६९ व्होल्ट आहेत, २५० हर्ट्झचे ४१, आणि पुढे घटत जाणारे. तिप्पट वारंवारतेचा भाग पंखा फिरवायला फारसा उपयोगी पडत नाही. तो मोटर तापवतो आणि गुणगुण वाढवतो.

तो घालवायचा कसा, हेही त्याच चाळणीतून कळतं. दाब शून्य अंशाला चालू न करता ३० अंशांवर चालू करायचा आणि १५० अंशांवर बंद करायचा. दोन्ही टोकांना दाब शून्य. या १२० अंशांत तिप्पट साईन बरोबर एक पूर्ण तरंग संपवते, म्हणून तिचं क्षेत्रफळ शून्य. तिसरा सहगुणक पूर्णपणे नाहीसा होतो. उलट्या अर्ध्यातही तसंच. मधल्या पट्ट्याची उंची २८२ व्होल्ट ठेवली की मीटरवर २३०च दिसतात, पण मूळ साईनचा वाटा २०७ वरून २२० व्होल्टवर जातो. ‘मॉडिफाइड साईन वेव्ह’ म्हणून जे इन्व्हर्टर विकले जातात, त्यांच्यामागची कल्पना हीच.

पाचपटीचा पाचवा हिस्सा मात्र तसाच राहतो. तो घालवायला चालू करण्याची जागा १८ अंशांवर आणली, तर १८ ते १६२ अंशांत पाचपट साईन दोन पूर्ण तरंग संपवते आणि शून्य होते. पण मग तिप्पट साईन परत येते, तीही मूळ साईनच्या सुमारे पाचव्या हिस्स्याइतकी. एकच कोन आपल्या हाती असेल तर एकच सहगुणक शून्य करता येतो. दोन्ही घालवायचे तर पट्ट्याच्या मधे आणखी खाचा पाडाव्या लागतात. अर्ध्या फेरीच्या दोन्ही बाजूंना सारखी खाच पाडली की दोन नवे कोन हाती येतात, आणि त्यामुळे पाचपटीबरोबर सातपटीचाही सहगुणक शून्य करता येतो.