कोरियन ॲपवर छाती फक्त '57'? साइझ चार्ट, फिल्टर आणि रिव्ह्यू कसे वाचायचे, समजून घ्या

कोरियन फॅशन ॲपवर एखादा ओव्हरसाइझ टी-शर्ट आवडतो. साइझ चार्ट उघडला की M साइझसमोर छातीचं माप दिसतं 57 सेंमी, म्हणजे साधारण साडेबावीस इंच. हे तर लहान मुलाचं माप! मग अनेक जण घाबरून थेट XL मागवतात आणि घरी येतो तो तंबू. चूक चार्टची नसते, तो वाचण्याची पद्धत वेगळी असते. कोरियातून कपडा परत पाठवण्याचा खर्च अनेकदा कपड्याच्या किमतीशी स्पर्धा करतो. त्यामुळे ऑर्डर करण्याआधीची पाच मिनिटं महत्त्वाची.

57 म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडच्या अनेक साइझ चार्टमध्ये शरीराचं माप असतं, म्हणजे 'तुमची छाती 38 इंच असेल तर M घ्या'. कोरियन ॲपवरच्या चार्टमध्ये बहुतेकदा कपड्याचं माप असतं. कपडा टेबलावर सपाट पसरायचा आणि एका काखेच्या शिवणीपासून दुसरीपर्यंत टेप धरायचा. या मापाला 가슴단면 (कासुम-दानम्यॉन) म्हणतात. 가슴 म्हणजे छाती आणि 단면 म्हणजे सपाट, एका बाजूचं माप. पूर्ण घेर हवा असेल तर दुप्पट करा: 57 गुणिले 2, म्हणजे 114 सेंमी.

चार्टमध्ये 둘레 (दुल्ले) हा शब्द असेल, तर मात्र तो पूर्ण घेर आहे. तिथे दुप्पट करायचं नाही. पँटच्या कमरेलाही हाच नियम लागू होतो. 허리단면 38 असेल तर कंबर 76 सेंमी, म्हणजे साधारण 30 इंच.

भाषांतरात 'मेकअप' कुठून आला?

फोनवरचं भाषांतर इथे हमखास गोंधळ घालतं. 총장 (छोंगजांग) म्हणजे कपड्याची एकूण लांबी, पण हाच शब्द विद्यापीठाच्या कुलगुरूंसाठीही वापरला जातो. 화장 (ह्वाजांग) म्हणजे मानेच्या मागच्या मध्यापासून मनगटापर्यंतची लांबी, पण रोजच्या बोलण्यात त्याचा अर्थ मेकअप. त्यामुळे शर्टाच्या चार्टमध्ये 'प्रेसिडेंट 70' किंवा 'मेकअप 82' दिसलं तर दचकू नका.

화장 दिसण्यामागे कारण असतं. रॅगलन बाहीच्या कपड्यात खांद्यावर शिवण नसते, त्यामुळे खांद्याची रुंदी (어깨너비) आणि बाहीची लांबी (소매길이) वेगवेगळी मोजता येत नाही. म्हणून मानेपासून एकच माप देतात. ते साध्या बाहीच्या लांबीशी ताडून पाहू नका, बाही अवाढव्य वाटेल.

घरातला टी-शर्ट हाच खरा साइझ चार्ट

एक उदाहरण घेऊ. समजा, तुमची छाती 96 सेंमी आहे. तुम्हाला नीट बसणारा टी-शर्ट पलंगावर सपाट पसरून मोजला. लांबी 69, खांदा 45 आणि छातीची रुंदी 52 सेंमी आली.

ॲपवर M ची मापं अशी आहेत: लांबी 70, खांदा 52, छाती 57. L साठी लांबी 72, खांदा 54, छाती 59.5.

घरच्या टी-शर्टचा घेर 104, म्हणजे अंगापेक्षा 8 सेंमी मोकळा. ॲपवरच्या M चा घेर 114, म्हणजे 18 सेंमी मोकळा. खांदा 7 सेंमी जास्त रुंद असल्याने शिवण प्रत्येक बाजूला साडेतीन सेंमी खाली उतरेल. लांबीत फक्त 1 सेंमीचा फरक आहे. म्हणजे M मध्येच ओव्हरसाइझ लूक आहे. 'ढगळ हवा म्हणून एक साइझ मोठा' हा हिशेब इथे लावला, तर ढगळपणा दोनदा मोजला जातो.

चार्टखाली बहुतेकदा एक बारीक ओळ असते: मोजण्याच्या पद्धतीनुसार 1 ते 3 सेंमी फरक पडू शकतो. वरच्या उदाहरणात M आणि L च्या रुंदीत फरकच अडीच सेंमीचा आहे. त्यामुळे अर्ध्या सेंमीवर डोकं खाजवण्यात अर्थ नाही. चार्ट तुम्हाला दोन साइझपर्यंत आणतो, पुढचा निर्णय रिव्ह्यू वाचून घ्यायचा.

फिल्टरमधली लेबलं काय सांगतात?

오버핏 म्हणजे ओव्हरसाइझ, 레귤러핏 म्हणजे रेग्युलर, 슬림핏 म्हणजे स्लिम आणि 크롭 म्हणजे आखूड, क्रॉप. पण ही लेबलं ब्रँडचा हेतू सांगतात, तुमच्या अंगावरचा परिणाम नाही. एका ब्रँडचा रेग्युलर दुसऱ्याच्या ओव्हरसाइझइतका असू शकतो.

남녀공용 म्हणजे युनिसेक्स. असे कपडे अनेकदा पुरुषांच्या मापावर बेतलेले असतात, त्यामुळे महिलांनी खांद्याचा आकडा आधी पाहावा. महिलांच्या कपड्यांवर 44, 55, 66, 77 असे साइझही दिसतात. हे इंच नाहीत की सेंमीही नाहीत. 155 सेंमी उंची आणि 85 सेंमी छाती यातले शेवटचे अंक जोडून 55 ही जुनी खूण तयार झाली. पुरुषांचे 95, 100, 105 हे मात्र छातीच्या घेराशी जोडलेले सेंमी आहेत. FREE लिहिलं असेल तर तो 'सगळ्यांना बसतो' असा अर्थ घेऊ नका. तो एकाच साइझमध्ये शिवलेला कपडा आहे, आकडे पाहावेच लागतील.

मापाखालच्या तक्त्यात दोन ओळी शोधा. 신축성 म्हणजे कापड किती ताणलं जातं. ते ताणलं जात असेल, तर अंगापेक्षा कमी घेराचा रिब टॉपही बसतो. ताणलं जात नसेल, तर नाही. 비침 म्हणजे कापड किती आरपार दिसतं. पांढरा शर्ट घेताना ही ओळ सोडू नका.

रिव्ह्यू: तारे नको, उंची-वजन बघा

पाच तारे डिलिव्हरीसाठी असतात, रंगासाठी असतात किंवा रिव्ह्यू लिहून मिळणाऱ्या पॉइंटसाठीही असतात. फिटिंगसाठी उपयोगी असते ती नावाजवळची छोटी ओळ: उंची, वजन आणि घेतलेला साइझ. तुमच्या जवळपासच्या उंची-वजनाचे तीन-चार जण शोधा आणि त्यांचे फोटो पाहा. मॉडेलचा फोटो पाहताना शेजारी लिहिलेली त्याची उंचीही वाचा.

커요 म्हणजे मोठा होतो, 작아요 म्हणजे लहान होतो, 딱 맞아요 म्हणजे बरोबर बसतो. 정사이즈 म्हणजे 'नेहमीचाच साइझ घ्या'. पण हा 'नेहमीचा' लिहिणाऱ्याचा कोरियन साइझ असतो, तुमचा भारतीय L नव्हे. समान वजनाच्या दोघांचं मत उलट असेल तर बहुधा एकाला ढगळ आवडतं आणि दुसऱ्याला नेटकं. अशा वेळी मतापेक्षा फोटोतली खांद्याची शिवण पाहा. 세탁 후 줄었어요, म्हणजे 'धुतल्यावर आटला', असं दोघा-तिघांनी लिहिलं असेल तर मोठ्या साइझकडे झुकायला हरकत नाही.

आवडला नाही तर?

कोरियात राहून तिथल्या ॲपवरून खरेदी करणाऱ्यांना माल मिळाल्यापासून सात दिवसांत ऑर्डर रद्द करण्याचा कायदेशीर हक्क आहे. मात्र मन बदललं म्हणून परत करताना पाठवणीचा खर्च सहसा ग्राहकाचाच असतो. टॅग काढला किंवा कपडा वापरला, तर परतावा नाकारला जाऊ शकतो. भारतात मागवणार असाल तर ते ॲप इथे पाठवतं का, सीमाशुल्क कोण भरणार आणि परतीचा पत्ता कुठला, हे पैसे भरण्याआधी वाचा. टेप मात्र त्याआधीच हातात घ्या.