गॅसची नळी : रबरी की स्टीलच्या जाळीची?

ओझरच्या आमच्या घरात रमजानमध्ये पहाटे सर्वांत आधी स्वयंपाकघराचे दार उघडते. गेल्या रमजानमधल्या एका सेहरीला दार ढकलताच गॅसचा उग्र वास आला. धाकट्या भाबींचा हात सवयीने दिव्याच्या बटणाकडे गेला होता. अम्मींनी तो तिथेच धरला. बटणाची बारीकशी ठिणगीही अशा वेळी पुरेशी असते. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून तो वर न जाता फरशीवर साचून राहतो. आम्ही अंधारातच रेग्युलेटर बंद केला, दारे-खिडक्या उघडल्या आणि मुलांना घेऊन अंगणात आलो. अशा वेळी बाहेर येऊनच १९०६ या क्रमांकावर फोन करावा.

उजाडल्यावर दोष सापडला. शेगडीकडचे नळीचे टोक उष्णतेने कडक होऊन तिथे केसासारखी भेग पडली होती. नळीवर छापलेले साल पाहिले, तर ती सहा वर्षांची निघाली. वरवर पाहता ती चांगलीच दिसत होती.

नवी नळी आणायला नारायणगावला गेलो, तेव्हा दुकानदाराने दोन प्रकार पुढे ठेवले. एक नारिंगी रबरी नळी, दुसरी चकचकीत स्टीलच्या जाळीची. “स्टीलची घ्या, उंदीर कुरतडणार नाही, जन्मभर टिकेल,” असे तो म्हणाला. आम्हालाही ते पटत होते. पण चौकशी केल्यावर नारिंगी नळीच घेतली. तिची कारणे अशी.

गॅस एजन्सीत मिळणाऱ्या या नारिंगी नळीला ‘सुरक्षा’ नळी म्हणतात. तिच्या रबराच्या आतही स्टीलच्या तारेचे वेष्टन असते, त्यामुळे साध्या नळीसारखी ती सहज कुरतडली जात नाही. तिच्यावर आयएसआयची खूण आणि आयएस ९५७३ हा क्रमांक असतो. रेग्युलेटरच्या व शेगडीच्या तोटीवर ती सरळ घट्ट बसते. मुख्य म्हणजे तिचे बाहेरचे रबर डोळ्यांना दिसते. ते तडकले, फुगले किंवा चिकट झाले तर लगेच कळते.

जाळीच्या नळीत खरा गॅस जाळीतून नव्हे, तर आतल्या नळीतून जातो. ती आतली नळी रबराची आहे, प्लॅस्टिकची की धातूची, हे बाहेरून कळत नाही. आत तडा गेला तरी जाळी चकचकीतच दिसते. शिवाय तिच्या टोकांना आटे असतात. साध्या तोटीच्या शेगडीला ती लावायची तर जोडतुकडे लागतात, आणि जितके जोड जास्त तितक्या गळतीच्या जागा जास्त. बेसिन किंवा गिझरला लावतात ती पाण्याची जाळीची नळी दिसायला अगदी अशीच असते. ती गॅसला कधीच लावू नये. जाळीची नळी लावायचीच असेल, तर ती गॅससाठीच बनवलेली आणि प्रमाणित असावी, आणि शेगडी व रेग्युलेटरला तिच्या आट्यांचे तोंड असावे.

आता बदलायची कधी? ‘सुरक्षा’ नळी पाच वर्षांनी बदलावी, मग ती कितीही चांगली दिसो. भेग, भाजल्याचा डाग किंवा दातांची खूण दिसली, अथवा टोक तोटीवर ढिले पडले, तर पाच वर्षांची वाट पाहू नये. ढिले टोक क्लिपने आवळून भागवू नये. तारेचे वेष्टन नसलेली साधी रबरी नळी अजून घरात असेल, तर ती आजच काढावी. जाळीच्या नळीला बनवणाऱ्याने दिलेली मुदत पाळावी. जाळीची एखादी तार तुटली, गंज चढला किंवा नळी मुडपून तिथे घडी पडली, तर मुदतीआधीच ती टाकून द्यावी. जोड उघडला की आतला वॉशरही नवा घालावा.

नवी नळी लावल्यावर आम्ही शेगडीची बटणे बंद ठेवून रेग्युलेटर सुरू केला आणि दोन्ही टोकांना साबणाचा फेस लावला. बुडबुडा फुगला तर गळती आहे असे समजावे. काडी पेटवून कधीही तपासू नये. फेसाची ही तपासणी आता आम्ही सिलिंडर बदलताना दर वेळी करतो.

नळी शेगडीच्या मागून किंवा बर्नरखालून न नेता बाजूने, दिसेल अशी ठेवली आहे. तिच्यावर कापडी खोळ चढवत नाही, कारण खोळीखाली भेग लपते. बदलल्याचा महिना व साल अम्मींनी कपाटाच्या दारामागे खडूने लिहून ठेवले आहे. त्याखाली पाच वर्षांनंतरचे सालही लिहिले आहे.