लहान भोक, खोल जखम : कुत्र्यामांजरांना झालेले चावे आणि निचरा-नळीचा उपयोग

मेंढरांच्या वाड्यावर राखणीस असलेला एखादा कुत्रा रात्री दुसऱ्या दोन मोठ्या कुत्र्यांशी झुंजला आणि सकाळी त्याच्या पाठीवर, खांद्याच्या मागे, चार बारीक भोके दिसली असे समजा. भोके तुरीच्या दाण्याएवढीच आहेत. रक्त केव्हाच थांबले आहे आणि कुत्रा पाणीही पीत आहे. मालक भोकांत हळद भरतो व निश्चिंत होतो. तिसऱ्या दिवशी ती बाजू सुजते, कातडी गार व काळपट पडते, घाण वास येऊ लागतो आणि कुत्रा भाकरीस तोंड लावीत नाही. वरून पाहता जे चार ठिपके होते, त्यांच्याखाली पहिल्या रात्रीच तळहाताएवढे मांस फाटून सुटलेले होते.

हे कसे घडते ते समजण्यासाठी कुत्र्याच्या मानेवरील कातडी चिमटीत धरून पाहावी. ती सहज उचलली जाते व इकडेतिकडे सरकते. चावणाऱ्याचा सुळा आत रुतला आणि त्याने झटके दिले की कातडी सुळ्याबरोबर सरकते, म्हणून ती फारशी फाटत नाही. तिच्याखालील मांस मात्र हाडांना बांधलेले असते. ते सरकू शकत नाही, म्हणून सुळ्याच्या टोकाने फाटते. शिवाय जबड्याच्या दाबाने ते चेंगरते व त्याचा रक्तपुरवठा तुटतो. कातडी मांसापासून सुटल्यामुळे मध्ये एक पोकळी तयार होते. या पोकळीत रक्त व रक्तमिश्रित पाणी साठते. सुळ्याबरोबर तोंडातील जंतू, केस व माती तेथे जाऊन पडलेली असतातच. या जंतूंत पाश्चुरेला नावाच्या कुळातील जंतू नेहमी आढळतात. गुरांच्या घटसर्पाचे जंतूही याच कुळातील होत. हवेवाचून वाढणारे इतरही जंतू त्यांच्या जोडीस असतात. वरचे भोक एकदोन दिवसांत मिटले की त्यांना हवी तशी बंद, उबदार व ओली जागा मिळते.

लहान अंगाच्या कुत्र्यास मोठ्याने कमरेत धरून झटकले असेल तर धोका याहून मोठा असतो. बरगड्या मोडून फुप्फुसास इजा होते, किंवा पोटाचा पडदा फाटून आतडे कातडीखाली येते. श्वास जलद व कष्टाने चालणे, हिरड्या पांढऱ्या पडणे, कातडी दाबली असता खाली हवा चरचरणे, पोट ताठ होणे यांपैकी काहीही दिसल्यास जखम धूत बसू नये. जनावर तत्काळ दवाखान्यात न्यावे.

एरवी घरी करावयाचे काम थोडेच आहे. वेदनेने बेभान झालेला कुत्रा धन्यासही चावतो, म्हणून मऊ पट्टीने त्याचे तोंड बांधावे. श्वासास त्रास होत असेल किंवा ओकारी येत असेल तर मात्र बांधू नये. रक्त वाहत असल्यास स्वच्छ फडके दाबून धरावे. एक लिटर पाणी उकळून त्यात ९ ग्रॅम, म्हणजे चहाचे सपाट दीड चमचे, मीठ घालावे व ते निवल्यावर वरची घाण धुऊन काढावी. भोकात पिचकारीने पाणी रेटू नये, कारण त्याने घाण आणखी खोल जाते. हळद, चुना, राख, रॉकेल भरू नये व भोक शिवू नये. माणसांच्या तापाच्या व दुखण्याच्या गोळ्याही देऊ नयेत. पॅरासिटॅमॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा प्राण घेऊ शकते.

चावणारे जनावर पिसाळलेले असण्याची शक्यता नेहमी धरावी. जखम हाताळणाऱ्याने हात साबण लावून वाहत्या पाण्यात धुवावेत. स्वतःस चावा, ओरखडा किंवा उघड्या जखमेवर लाळ लागली असेल तर ती जागा १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्यावी. चावा झालेल्या जनावरास कोणत्या क्रमाने लस टोचावयाची ते पशुवैद्य ठरवतील. म्हणून त्यास पूर्वी लस टोचली होती की नाही हे अवश्य सांगावे.

आता तोच राखणीचा कुत्रा सकाळीच दवाखान्यात आणला असे धरू. त्यास प्रथम शिरेतून सलाइन, वेदनाशामक व प्रतिजैविक औषध दिले जाते. तो सावरला की भूल देऊन भोकांभोवतीचे केस रुंद भादरतात. मग मिटलेला चिमटा एका भोकातून हलकेच आत सारतात. निरोगी जागी तो लगेच अडतो. येथे तो चार बोटे खाली, बरगड्यांच्या दिशेने, सहज सरकतो. चिमट्याच्या या वाटेवरूनच जखमेचा खरा विस्तार कळतो. त्यानुसार कातडी उघडून काळसर, चिरले असता रक्त न येणारे मेलेले मांस कापून काढतात आणि पोकळी भरपूर सलाइनने धुतात. ही धुलाई उपचारातील सर्वात महत्त्वाचे काम होय. ती नीट झाली नाही तर पुढील कोणत्याही उपायाने तिची भरपाई होत नाही.

यानंतर निचरा-नळी बसवावी की नाही हा प्रश्न येतो. जखम उथळ असून पोकळी उरली नसेल तर नळीची गरज नाही. मेलेले मांस पूर्ण निघाले नसेल किंवा पू भरलेला असेल तर जखम शिवतच नाहीत. ती उघडी ठेवून रोज धुतात व पट्टी बदलतात. या दोन्हींच्या मधली स्थिती, म्हणजे जखम स्वच्छ झाली आहे पण कातडीखाली टाक्यांनी न मिटणारी पोकळी उरली आहे, हीच नळीची खरी जागा. आपल्या कुत्र्याचे तसेच आहे.

नेहमी वापरतात ती पेनरोज नळी मऊ रबराची, चपटी पट्टीसारखी असते. स्राव तिच्या पोटातून कमी व बाहेरच्या अंगावरून अधिक झिरपतो, म्हणून तिला जास्तीची भोके पाडीत नाहीत. पाणथळ वावरात चर खणताना त्याचे तोंड सर्वात सखल कोपऱ्यात काढतात. येथेही नळीचे वरचे टोक पोकळीच्या माथ्याशी एका टाक्याने अडकवून खालचे टोक सर्वात खालच्या जागी वेगळ्या छेदातून बाहेर काढतात. कुत्रा उभा व बसलेला असताना जो भाग खाली राहील तो पाहून ही जागा ठरते. नळी मुख्य टाक्यांच्या रेषेतून काढल्यास टाके उसवतात. छातीच्या पोकळीत मात्र अशी उघडी नळी चालत नाही. तिच्यातून हवा आत ओढली जाते व फुप्फुस मिटते. तेथे शोषण करणारी बंद नळी लागते.

नळी घातलेला कुत्रा घरी आला की तिचे तोंड स्वच्छ पट्टीने झाकलेले ठेवावे व पट्टी रोज, ओली झाल्यास आधीच, बदलावी. ज्या वाटेने स्राव बाहेर येतो त्याच वाटेने जंतू आत शिरतात. कुत्र्याने नळी चावून तोडली तर तिचा तुकडा आत राहतो, म्हणून गळ्याभोवती शंकूच्या आकाराचा पुठ्ठा बांधावा. स्राव कमी व पातळ झाला की साधारण ३ ते ५ दिवसांत नळी काढतात. तो अगदी थांबण्याची वाट पाहू नये, कारण नळीच्या स्पर्शानेच थोडा स्राव होत राहतो. स्राव वाढला, घट्ट पिवळा झाला, वास आला किंवा कडेची कातडी काळी पडली तर आत मेलेले मांस राहिले आहे असे समजून पुन्हा दवाखान्यात न्यावे.

मांजराची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याचा सुळा सुईसारखा बारीक असल्याने भोक केसांत दिसतही नाही आणि काही तासांतच मिटते. दोनचार दिवसांनी मांजर कोपऱ्यात दबून बसते व खात नाही. अंगात १०३ अंशांहून अधिक ताप भरतो आणि गालावर, पुढच्या पायावर किंवा शेपटीच्या बुडाशी गरम, दुखरी गाठ येते. मारामारी करणाऱ्या बोक्यांत हे वारंवार दिसते. अशी गाठ घरी पिळू नये. पशुवैद्य ती सखल बाजूस चिरून पू काढतात व आतून धुतात. चीर पुरेशी मोठी ठेवली तर ती उघडीच राहून भरते, आणि बहुतेक मांजरांना नळीची गरजच पडत नाही. पोकळी फार पसरलेली असेल तरच २ ते ३ दिवस नळी ठेवतात.